क्लबचं आपोआप नूतनीकरण होणारं वार्षिक सभासदत्व कसं संपवायचं: ठाणे–नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पोर्ट्स क्लब, जिमखाना, पोहण्याचा तलाव चालवणारी संस्था, एखादी व्यावसायिक संघटना किंवा सांस्कृतिक मंडळ, यांच्या नियमावलीत बहुतेक वेळा असं एक कलम असतं: मुदत संपण्याआधी इतके दिवस लेखी सूचना दिली नाही, तर सभासदत्व पुढच्या वर्षासाठी चालू राहील आणि त्या वर्षाची वर्गणी देय होईल. मी ठाण्यात ग्राहकांना तक्रारीचे कागद तयार करायला मदत करते. जानेवारी ते एप्रिल या काळात माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणांचं भांडण वर्गणीच्या रकमेपेक्षा या एका तारखेवरून झालेलं असतं. म्हणून इथे भर तारखेवर आणि तिच्या पुराव्यावर आहे.

वर्षाचे पैसे भरले होते, वर्ष संपलं. मग सभासदत्वही संपलंच ना?

नियमावलीत नूतनीकरणाचं कलम नसेल तर संपलं. कलम असेल तर नाही. प्रवेश अर्जावर सही करताना आपण सहसा "संस्थेचे नियम मला मान्य आहेत" या ओळीखालीही सही केलेली असते. त्यामुळे "मी गप्प बसलो म्हणजे होकार दिला असं कसं?" हा युक्तिवाद इथे फार टिकत नाही. गप्प राहिलं की पुढचं वर्ष चालू होईल, याला होकार आपण पहिल्याच दिवशी दिलेला असतो.

वापर थांबवणं म्हणजे सभासदत्व सोडणं नव्हे. कार्ड परत न करता सहा महिने क्लबात पाऊल ठेवलं नाही, तरी दफ्तरी तुम्ही सभासदच असता.

सूचनेची शेवटची तारीख नेमकी कशी मोजायची?

इथे एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा, कोलशेतला राहणाऱ्या एका कुटुंबाने ठाण्यातल्या एका स्पोर्ट्स क्लबचं सभासदत्व घेतलं आहे. वर्गणी वर्षाला 24,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटीचे 4,320, म्हणजे एकूण 28,320. सभासदत्वाचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. आता हे कुटुंब नेरूळला राहायला गेलं आहे आणि पोहण्यासाठी ठाण्याला येणं जमत नाही. सध्याची मुदत 31 मार्च 2027 ला संपते आणि नियम म्हणतो, "किमान 60 दिवस आधी लेखी सूचना संस्थेच्या कार्यालयात पोहोचली पाहिजे."

घरात ठरतं, "दोन महिने आधी म्हणजे जानेवारीअखेर." पण 60 दिवस आणि दोन महिने एक नव्हेत, कारण मध्ये फेब्रुवारी येतो. 31 मार्चपासून मागे मोजलं तर 60 दिवस 30 जानेवारीला भरतात. नियमात "मुदत संपण्याच्या आधी" असं न लिहिता "नूतनीकरणाच्या तारखेच्या आधी" असं लिहिलं असेल, तर मोजणी 1 एप्रिलपासून होते आणि उत्तर 31 जानेवारी येतं. आणि "पूर्ण 60 दिवस" असे शब्द असतील, तर कार्यालय सूचना मिळाल्याचा दिवस आणि मुदत संपण्याचा दिवस दोन्ही सोडून मोजू शकतं. मग 29 जानेवारी. एकाच वाक्याच्या तीन वाचनांतून तीन तारखा निघतात. तुम्ही त्यातली सगळ्यात आधीची धरायची. ती बरोबर ठरली की नाही यावर वाद घालायची वेळच येत नाही.

आता कॅलेंडर बघा. 31 जानेवारी 2027 रविवार आहे. 30 तारखेला शनिवार, क्लबचं मैदान उघडं असेल पण कार्यालयातला पत्र घेणारा माणूस असेलच असं नाही. 29 ला शुक्रवार. त्याच आठवड्यात 26 जानेवारीची सुट्टी मंगळवारी येते. सोमवारी 25 ला नेरूळहून स्पीड पोस्ट केलं, तर पत्र गुरुवारपर्यंत पोहोचेल अशी आशा करावी लागते, खात्री नसते. म्हणून या कुटुंबासाठी सोयीची तारीख जानेवारीचा दुसरा आठवडा. लवकर दिलेली सूचना कुठलाही नियम सहसा नाकारत नाही, आणि सभासदत्व तरीही 31 मार्चपर्यंत चालूच राहतं. "जानेवारीतच सांगितलं तर मार्चपर्यंत तलाव बंद करतील" ही भीती अनेकांना असते. म्हणून पत्रात संपण्याची तारीख स्पष्ट लिहायची.

एक तपासा: तुमचं वर्ष खरंच एप्रिलपासून आहे का? कित्येक क्लब प्रवेश घेतलेल्या दिवसापासून वर्ष धरतात. पहिल्या पावतीवरची "पासून–पर्यंत" ही ओळ बघा. पावतीची तारीख आणि मुदत सुरू होण्याची तारीख वेगळ्या असू शकतात.

नियम कुठे मिळेल? माझ्याकडे फक्त पावती आहे.

आधी क्लबकडे लेखी मागा: मी सही केलेल्या प्रवेश अर्जाची प्रत आणि सध्या लागू असलेली नियमावली. फोनवर "साठ दिवसांचा नियम आहे" असं सांगितलं, तर कलमाचा क्रमांक विचारा. पुष्कळदा प्रवेशाच्या वेळी 30 दिवस असतात आणि नंतर कार्यकारिणी ते 60 करते. तेव्हा प्रश्न उभा राहतो, की हा बदल संस्थेच्या घटनेप्रमाणे, लागत असेल तर सर्वसाधारण सभेत, मंजूर झाला होता का आणि सभासदांना कळवला होता का. ठरावाची प्रत मागायला संकोच नको.

संस्था 1860 च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन कायद्याखाली नोंदलेली असेल, तर आणखी एक वाट आहे. त्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे निबंधकाकडे दाखल झालेली कागदपत्रं कुणालाही बघता येतात. कायद्यात तपासणीचं शुल्क एक रुपया आहे, प्रतीचं वेगळं. ठाण्यातल्या संस्थांचे हे कागद ठाण्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या कक्षेत येतात. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत. खारघर, कामोठे, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात, त्यामुळे तिथल्या संस्थेसाठी रायगडचं कार्यालय. क्लब कंपनी म्हणून नोंदलेला असेल किंवा एखाद्या बिल्डरच्या कंपनीने चालवलेला असेल तर ही वाट लागू होत नाही. तिथे तुमचा करार हाच मुख्य कागद.

पत्रात काय लिहायचं?

थोडकंच. कारण सांगणं सहसा बंधनकारक नसतं आणि कारण लिहिलं की त्यावर उत्तरं सुरू होतात: "तुम्ही नेरूळला गेलात तर आपण सहयोगी सभासदत्व देऊ," वगैरे. या कुटुंबाचं पत्र असं होईल:

"मा. चिटणीस यांस, माझा सभासद क्रमांक अमुक. माझं व माझ्या कुटुंबीयांचं (नावं) वार्षिक सभासदत्व 31 मार्च 2027 रोजी संपणाऱ्या मुदतीनंतर नूतनीकरण करू नये. नियम क्रमांक अमुक प्रमाणे ही सूचना आहे. 31 मार्चपर्यंतच्या सुविधा मी वापरणार आहे. त्यानंतर कोणतीही रक्कम माझ्या खात्यातून वळती करू नये. अनामत रक्कम खालील खात्यात परत करावी. या पत्राची पोच द्यावी."

"नूतनीकरण करू नये" हे शब्द महत्त्वाचे. "सध्या आम्हाला जमणार नाही असं वाटतंय" अशी पत्रं मी पाहिली आहेत. कार्यालय ती चौकशी समजून फाइलला लावतं, आणि मग एप्रिलमध्ये बिल येतं. मुलाचं किंवा पत्नीचं नाव जोडसभासद म्हणून असेल, तर प्रत्येक नाव पत्रात घ्या. मुख्य सभासद गेला तरी जोडसभासद दफ्तरी राहिल्याच्या तक्रारी येतात.

पत्र हातात द्यावं, पोस्टाने पाठवावं की ईमेल पुरतं?

हातात देऊन आवक शिक्का घेणं सगळ्यांत चांगलं. पत्राच्या दोन प्रती न्यायच्या. एक त्यांनी ठेवायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. शिक्का घेताना तीन गोष्टी तिथेच उभं राहून बघा: शिक्क्यातली तारीख आजची आहे का (फिरवायची चाकं कालच्याच तारखेवर किंवा मागच्या महिन्यावर राहिलेली असतात), सही वाचता येत नसेल तर खाली नाव लिहून घेतलं का, आणि आवक नोंदवहीचा क्रमांक पडला का. फक्त "मिळालं" असं लिहून तारखेशिवाय सही दिली, तर त्या कागदाला इथे काही किंमत नाही, कारण सगळा वाद तारखेचाच असतो. रिसेप्शनवरचा मुलगा "सर आल्यावर देतो" म्हणाला, तर पत्र तिथे सोडून येऊ नका.

हातात देणं शक्य नसेल तर स्पीड पोस्ट करा. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगमध्ये "वितरित" दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट दोन्ही ठेवा. ट्रॅकिंगची माहिती कायम दिसत नाही, म्हणून वितरण झालं त्याच आठवड्यात घ्या. पत्ता नोंदणीकृत कार्यालयाचा. कित्येक क्लबांचं मैदान एकीकडे आणि कार्यालय दुसरीकडे असतं.

ईमेलचं उत्तर नियमावलीवर अवलंबून आहे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार, लेखी असण्याची अट साधारणपणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पूर्ण होऊ शकते. त्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये "मिळाल्याची वेळ" दिली आहे: संस्थेने एखादा ईमेल पत्ता अशा पत्रव्यवहारासाठी नेमून दिला असेल, तर ईमेल त्या यंत्रणेत शिरलं तेव्हा मिळालं असं धरतात. दुसऱ्याच पत्त्यावर पाठवलं तर ते त्यांनी उघडलं तेव्हा. म्हणून व्यवस्थापकाच्या खाजगी ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून निश्चिंत होऊ नका. नियमात "सहीचं पत्र" असे शब्द असतील तर पत्रच द्या आणि त्याचा फोटो जोडून नेमून दिलेल्या पत्त्यावर ईमेलही करा.

मी बँकेत ऑटो-डेबिट बंद केलं. काम झालं ना?

पैसे जाणं थांबलं. सभासदत्व थांबलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बहुतेक जण इथेच अडकतात.

कार्डावर किंवा यूपीआय ऑटोपेवर मँडेट, म्हणजे पैसे आपोआप वळते करायची परवानगी, दिलेली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे वळते होण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते आणि मँडेट कधीही मागे घेता येतं. शिवाय म्युच्युअल फंड, विमा आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांसारखे अपवाद सोडले, तर 15,000 रुपयांच्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. म्हणजे आपल्या उदाहरणातले 28,320 रुपये कार्डावरून ओटीपीशिवाय जाऊ नयेत. "सभासदत्व नूतनीकरण" म्हणून ओटीपी आला आणि घरातल्या कुणी तो सवयीने टाकला, तर मात्र तुम्ही पैसे स्वतः दिले असंच क्लब म्हणेल.

बँक खात्यावरचं नॅच मँडेट वेगळं चालतं. ते बँकेत किंवा नेट बँकिंगमध्ये जाऊन रीतसर रद्द करावं लागतं. खातं रिकामं ठेवून डेबिट परत पाठवणं हा उपाय कुणी सुचवला तर तो ऐकू नका. बँकेचा दंड तर लागतोच, पण 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली, देणं असलेल्या रकमेचं डेबिट पुरेशी शिल्लक नाही म्हणून परत गेलं, तर चेक बाउन्ससारखंच फौजदारी प्रकरण होऊ शकतं. आधी सूचना द्या, तिची पोच घ्या, मग मँडेट रद्द करा आणि रद्द केल्याचं क्लबला कळवा. प्रवेशाच्या वेळी पुढच्या तारखांचे चेक दिले असतील, तर ते पत्रातच परत मागा.

सूचना दिली नाही आणि वर्गणीही भरली नाही, तर?

थकबाकी वाढत जाईल. सोसायटी कायद्याखालच्या संस्थेत तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर कलम 15 प्रमाणे मतदानाचा हक्क राहत नाही, आणि कलम 10 प्रमाणे संस्था थकबाकीसाठी सभासदावर दावा करू शकते. याच कलम 15 मध्ये सभासदाच्या व्याख्येत एक उपयोगाची गोष्ट आहे: ज्याने संस्थेच्या नियमांप्रमाणे राजीनामा दिलेला आहे तो सभासद नाही. भर "नियमांप्रमाणे" या शब्दावर आहे. काही संस्था थकबाकी झाली की काही महिन्यांनी नाव कमी करतात. तसा नियम असेल तर थकबाकी त्या दिवशी गोठते, माफ होत नाही.

तारीख चुकली. पूर्ण वर्षाचे पैसे द्यावेच लागतील का?

आपलं कुटुंब जानेवारीत विसरलं आणि पत्र 9 फेब्रुवारीला दिलं असं धरू. क्लब म्हणतो, सभासदत्व 31 मार्च 2028 पर्यंत गेलं, 28,320 भरा.

पहिलं, तरीही पत्र द्याच. ते या वर्षासाठी उशिरा असेल, पण पुढच्या वर्षासाठी वेळेत आहे. "9 फेब्रुवारीचं पत्र ग्राह्य नाही, 2028 च्या जानेवारीत पुन्हा द्या" असं सांगितलं जाऊ नये, म्हणून त्यात एक ओळ घाला: ही सूचना या मुदतीसाठी मान्य न झाल्यास ती त्यानंतरच्या मुदतीसाठी धरावी.

दुसरं, मार्च अजून आलेला नाही याचा फायदा घ्या. 31 मार्चपर्यंत क्लबने तुमच्या पुढच्या वर्षासाठी काहीही खर्च केलेला नाही, कदाचित प्रतीक्षा यादीतला दुसरा सभासद तुमच्या जागी घेता येतो. कार्यकारिणीला लिहा, खजिनदारांना भेटा आणि ठोस रक्कम सुचवा. या उदाहरणात एका तिमाहीची वर्गणी 6,000, जीएसटीसह 7,080. असा प्रस्ताव मान्य होऊ शकतो, कारण संस्थेलाही वर्षभर वसुलीच्या मागे लागायचं नसतं. मान्य झाला तर "पूर्ण आणि अंतिम" असे शब्द असलेलं पत्र आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि बोलणी चालू असताना एप्रिलमध्ये तलावावर जाऊ नका. एक दिवसाची हजेरीसुद्धा नूतनीकरण मान्य केल्याचा पुरावा म्हणून दाखवली जाते.

कायद्याच्या बाजूने बघायचं तर दोन्हीकडे बोलण्यासारखं आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही वरची मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. क्लब उत्तर देईल की हा दंड नाही, चालू सभासदत्वाची किंमत आहे, सुविधा तुमच्यासाठी खुल्या होत्या. दोन्ही युक्तिवादांचं वजन कलमाच्या शब्दांवर आणि तुम्हाला ते कलम आधी दाखवलं होतं की नाही यावर ठरतं. म्हणून निकाल आपल्याच बाजूने लागेल असं समजून पुढे जाऊ नका.

तुमची बाजू खरंच भक्कम होते ती अशा वेळी: सूचनेचा नियम अर्जात किंवा नियमावलीत नव्हताच, मुदत मागाहून वाढवून कळवली नाही, कार्यालयाने पत्र घ्यायला नकार दिला, किंवा वर्गणी वाढल्याचं सूचनेची तारीख उलटल्यावर सांगितलं. शेवटचं उदाहरण खास लक्षात ठेवा. 24,000 वर्गणी चालू ठेवायला होकार देणं आणि मार्चमध्ये कळलेल्या 32,000 ला होकार देणं यात मोठा फरक आहे. वाढ कळताच त्याच आठवड्यात लेखी हरकत घ्या.

"स्वतः येऊन व्यवस्थापकांना भेटा, नाहीतर रद्द होणार नाही" असं सांगतात.

नियमात तशी अट नसेल तर भेट बंधनकारक नाही. विनंती म्हणून जायचं असेल तर जा, पण पत्र आधी द्या. अॅप किंवा वेबसाइटवरून सभासदत्व विकणाऱ्यांना 30 नोव्हेंबर 2023 ची डार्क पॅटर्न्सविषयीची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविषयीची, मार्गदर्शक तत्त्वंही लागू होतात. त्यातल्या 13 प्रकारांत वर्गणीचा सापळा हा एक आहे: घेणं एका बटणावर आणि सोडणं मात्र अवघड किंवा लपवलेलं. अशा वेळी रद्द करण्याचा पर्याय शोधतानाचे स्क्रीनशॉट क्रमाने घेऊन ठेवा.

अनामत आणि जीएसटी परत मिळतो का?

परताव्याची अनामत परत मिळते, प्रवेश शुल्क सहसा नाही. पावतीवर कुठला शब्द आहे ते बघा. लॉकरची चावी आणि कार्डं परत केल्याची नोंद घ्या, कारण अनामत अडवण्यासाठी हेच कारण पुढे येतं. नूतनीकरणाची वर्गणी परत मिळाली तर तिच्यावरचा करही परत यायला हवा. त्यासाठी क्लब क्रेडिट नोट काढतो, आणि त्याच्या कर विवरणात ती दाखवायची मुदत ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत असते. तेव्हा मागणी लांबवू नका.

ऐकलं नाही तर तक्रार कुठे?

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. ते निकाल देत नाहीत, पण समोरच्याला कळवतात, आणि काही प्रकरणं तिथेच मिटतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेची तक्रार तिथे चालते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेही ती दाखल करता येते. म्हणजे क्लब ठाण्यात आणि तुम्ही खारघरला असाल, तर रायगडच्या आयोगाकडे जायचा पर्याय आहे. ऑनलाइन दाखल करायचं ठिकाण e-jagriti.gov.in. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

इथे एक बारकावा वकीलही कधी कधी विसरतात. "सूचनेचं हे कलमच अन्याय्य आहे, ते रद्द करा" अशी मागणी म्हणजे अन्याय्य कराराची तक्रार, आणि ती जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे मुंबईला जाते. "मी वेळेत सूचना देऊनही पैसे घेतले" ही सेवेतल्या त्रुटीची तक्रार, ती जिल्हा आयोगाकडे चालते. शिक्का मारलेली प्रत हातात असेल तर या दुसऱ्या प्रकारानेच, म्हणजे सेवेतल्या त्रुटीची तक्रार म्हणून लिहा.

पोच दिली, पण "सभासदत्व संपलं" असं उत्तर आलंच नाही.

पंधरा दिवस थांबून स्मरणपत्र द्या, त्यात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक आणि तारीख लिहा. नियमात "कार्यकारिणीने मंजूर केल्यावरच" असे शब्द असतील, तर पुढच्या बैठकीत विषय घेण्याची विनंती करा आणि नंतर ठरावाचा उतारा मागा. 1 एप्रिलनंतर एकदा बँकेचा उतारा बघा आणि बिल आलं असेल तर त्याला लेखी उत्तर द्या: सूचना अमुक तारखेची, पोच सोबत, रक्कम देय नाही.